डागाळलेल्या साडीचे उत्तर : औदार्य आणि सावधगिरी

कापडाच्या व्यापाऱ्यास बिल जितके जपून लिहावे लागते, तितकेच जपून तक्रारीचे उत्तर लिहावे लागते. बिलातील चूक बहुधा आकड्याची असते व ती दुरुस्त करता येते. उत्तरातील एखादे वाक्य मात्र एकदा ग्राहकाच्या हाती गेले, की ते परत घेता येत नाही. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील आपल्या सभासदांचा व्यवहार आता केवळ पेढीच्या गादीवर होत नाही. साडीचे छायाचित्र दूरध्वनीवर पाठविले जाते, पसंती तेथेच कळते, पैसे जमा होतात आणि माल कुरिअरने रवाना होतो. ग्राहक व साडी यांची पहिली भेट ग्राहकाच्या घरी होते, आणि साडी खराब निघाली तर दोष कोणाचा, याचा वाद पत्रातच लढविला जातो. या पत्राविषयी काही विचार सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. साडी बदलून देणे ही एक गोष्ट आहे, आणि दोष आपला होता असे कबूल करणे ही दुसरी. पहिली सढळ हाताने व त्वरेने करावी. दुसरी, कारण सिद्ध झाल्यावाचून करू नये. बहुतेक व्यापारी या दोन गोष्टी एकत्र बांधतात. मनाने उदार असलेला व्यापारी बदलून देतानाच सारा दोष शिरावर घेतो, आणि सावध व्यापारी दोष येऊ नये म्हणून बदलूनही देत नाही. दोघांचेही नुकसान होते.

एक उदाहरण घेऊन पाहू. डिचोलीच्या बाजारातील एका पेढीने इलकलहून बेळगाव व चोर्ला घाटाच्या मार्गाने आलेली एक इरकली साडी पेडण्याच्या एका भगिनीस विकली असे समजा. अंग पोपटी, पदर लाल, आणि त्या लाल पदरावर पांढरे तोप. किंमत 3,200 रुपये, कुरिअरचा आकार 120 रुपये. ऑगस्टच्या 8 तारखेस पुडके कुरिअरकडे दिले. ते म्हापशामार्गे 11 तारखेस पोहोचले. 12 तारखेस त्या भगिनीचा निरोप व तीन छायाचित्रे आली. पदराचा लाल रंग उतरून पोपटी अंगावर तपकिरी डाग पडले आहेत, पांढरे तोप गुलाबी झाले आहेत, आणि साडी चवथीला हवी होती. चवथ महिनाअखेरीस आहे.

उत्तर लिहिण्यापूर्वी छायाचित्रे नीट वाचावीत. कापड स्वतःच पुष्कळ सांगते. डाग जर घडीच्या दोन्ही बाजूंना आरशातल्याप्रमाणे उमटले असतील, आणि साडी उलगडल्यावर ठराविक अंतराने पुनःपुन्हा दिसत असतील, तर साडी घडीत असतानाच ओली झाली हे निश्चित. डाग बाहेरच्या घडीवर गडद व आत फिका होत गेला असेल, तर पाणी पुडक्याच्या बाहेरून आले. तो एकाच पदरावर, एकाच थरावर असून धाग्याच्या रेषेने सरळ गेला असेल, तर तो बहुधा विणण्यातील किंवा रंगविण्यातील दोष असतो. बारीक काळपट ठिपके व कुबट वास असेल, तर ती बुरशी होय. ती एका दिवसाच्या प्रवासात येत नाही, ओलसर जागी बराच काळ पडून राहिलेल्या मालावर येते, आणि ती जागा आपले गोदामही असू शकते. सरळ रेषेत वरच्या दोन-तीन घड्या कापल्या गेल्या असतील, तर पुडके उघडताना सुरी लागली असण्याचा संभव अधिक. फॉल लावला असेल व कमरेशी चुण्या मोडलेल्या असतील, तर साडी नेसली गेली आहे.

आपल्या उदाहरणात डाग घडीघडीने उमटले आहेत. म्हणजे पुडक्यात पाणी शिरले. परंतु एवढ्याने वाहतूकदार एकटाच दोषी ठरत नाही. पक्क्या रंगाची साडी भिजली तर सुकविता येते. तिचा रंग शेजारच्या कापडावर चढत नाही. येथे पाणीही होते आणि रंगही कच्चा होता. पांढरा ओला कपडा पदराच्या उलट बाजूस घासून पाहिला आणि त्यावर लाली उतरली, तर ही गोष्ट हाताशी येते. इरकली साडीचा पदर अंगाशी ताण्याच्या फाशांनी विणतानाच जोडलेला असतो. तेव्हा नुसता पदर बदलून भागत नाही. साडी सगळीच बदलावी लागते. अशा रीतीने नुकसानीची दोन कारणे झाली आणि दोन दिशांना मागणी करण्याचा मार्ग राहिला : पाण्याविषयी कुरिअरकडे आणि रंगाविषयी घाऊक व्यापाऱ्याकडे.

आता उत्तराच्या शब्दांना किती मोल आहे हे कळेल. पेढीने घाईत लिहिले, की ‘क्षमा असावी, आमचे बांधणे नीट झाले नाही’, तर कुरिअरवाला तेच वाक्य पुढे करील व पुडके सदोष होते म्हणून हात झटकील. पेढीने लिहिले, की ‘कुरिअरने साडी भिजविली’, तर घाऊक व्यापारी म्हणेल, मग रंगाचा प्रश्नच कोठे येतो? आणि ‘रंग कच्चा निघाला’ असे लिहिले, तर आपण सदोष माल विकला याची लेखी कबुली ग्राहकाच्या हाती राहील. दूरध्वनीवरील दोन ओळींचा निरोपसुद्धा पत्रच होय. पुराव्यात त्याचे मोल कमी धरले जाईल, असे कोणी मानू नये.

उलट टोकाचे उत्तरही असेच घातक आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ पुष्कळ बिलांवर अजून छापलेली दिसते. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त होण्यापूर्वी येथे पोर्तुगीज कायदा चालत असे. आज विक्रीच्या व्यवहारास 1930 चा माल विक्री कायदा व 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहेत. 20 जुलै 2020 पासून अंमलात आलेल्या या दुसऱ्या कायद्यानुसार सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. छापील ओळीने ते बंधन सुटत नाही. ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढे दोन वर्षांपर्यंत तक्रार नेता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तक्रारीचे शुल्कही पडत नाही. पेडण्याच्या भगिनीस उत्तर गोव्याच्या आयोगापुढे जाता येईल. तीच साडी मुंबईस गेली असती, तर पेढीला मुंबईस खेपा घालाव्या लागल्या असत्या.

काही सभासद यावर असे म्हणतील, की माल वाहतूकदाराच्या हाती दिला तेथेच आमची जबाबदारी संपली. या म्हणण्यास आधार आहे, परंतु अर्धाच. माल विक्री कायद्याच्या 39 व्या कलमात वाहतूकदारास दिलेला माल हा सकृद्दर्शनी ग्राहकास दिला असे मानले आहे हे खरे. तथापि त्याच कलमाच्या पुढील भागात असेही सांगितले आहे, की मालाचे स्वरूप व परिस्थिती पाहून विक्रेत्याने वाहतुकीचा योग्य करार केला पाहिजे. तो केला नसेल व माल खराब झाला, तर ग्राहक ती पोच आपणास झालेली पोच मानण्याचे नाकारू शकतो. भर श्रावणात, गोव्याच्या पावसात, लाल पदराची साडी नुसत्या कागदी पाकिटात व मूल्य न लिहिता पाठविणाऱ्याने या कलमाचा आधार घेऊ नये. तो आधार त्याच्याच अंगावर येईल.

सबब उत्तर कसे असावे, ते आम्ही येथे संपूर्ण लिहून देतो. उदाहरणातील पेढीने 13 ऑगस्ट रोजी पाठवावयाचे हे पत्र आहे.

‘मान्यवर भगिनीस सप्रेम नमस्कार.

आपला 12 ऑगस्टचा निरोप व तीन छायाचित्रे मिळाली. आमच्या 8 ऑगस्टच्या बिलाची पोपटी अंगाची व लाल पदराची इरकली साडी आपणास 11 ऑगस्ट रोजी पोहोचली आणि तिच्या अंगावर व तोपांवर रंगाचे डाग आढळले, असे आपण कळविले आहे. सणाच्या तोंडावर आपणास हा त्रास झाला, याचे आम्हांस वाईट वाटते.

साडी पाहिल्यावाचून डागांचे कारण निश्चित सांगणे आम्हांस शक्य नाही. त्या तपासासाठी आपणास थांबवून ठेवण्याची आमची इच्छा नाही. म्हणून कारणाविषयी कोणतीही कबुली न देता व आमच्या हक्कांस बाध न येता आम्ही आपणास पुढील दोन गोष्टींपैकी एक देऊ करतो. त्याच विणीची, त्याच रंगांची व त्याच किंमतीची दुसरी साडी, अथवा बिलाची रक्कम कुरिअरच्या आकारासह परत. दुसऱ्या साडीचे दिवसाच्या उजेडात घेतलेले छायाचित्र सोबत आहे. हातमागाच्या मालात रंगाची छटा थोडी वेगळी असते, ती पाहून पसंती कळवावी. आपला निर्णय 18 ऑगस्टपर्यंत कळल्यास साडी चवथीपूर्वी पोहोचावी अशा बेताने आम्ही ती पाठवू.

पहिली साडी आमचा माणूस आपल्या घरून घेऊन जाईल. त्याचा खर्च आमचा. तोपर्यंत कृपया ती धुऊ नये, तिला इस्त्री करू नये, व पुडक्याचे वेष्टन, आतील कागद आणि कुरिअरची चिठ्ठी जपून ठेवावी. वाहतूकदार व घाऊक व्यापारी यांच्याकडे चौकशी करण्यास आम्हांस त्यांची गरज आहे.

दुसरी साडी मिळाल्यावर व ती पाहून समाधान झाल्यावर, या साडीविषयीची आपली मागणी पुरी झाली असे दोन ओळींत कळवावे, ही विनंती. कायद्याने आपणास असलेला कोणताही हक्क या पत्राने कमी होत नाही.

कळावे, लोभ असावा.’

या पत्रातील प्रत्येक भाग हेतुपुरस्सर तसा ठेवला आहे. पहिल्या परिच्छेदात ‘आढळले असे आपण कळविले आहे’ असे म्हटले आहे, ‘डाग पडले’ असे नव्हे. ग्राहकाच्या शब्दावर अविश्वास न दाखविता, आपण अद्याप साडी पाहिलेली नाही, एवढेच त्यातून नोंदले जाते. ‘वाईट वाटते’ हा माणुसकीचा उद्गार आहे. ‘आमची चूक झाली’ ही कबुली आहे. पहिला लिहिण्यास व्यापाऱ्याने कधी संकोच करू नये.

‘हक्कांस बाध न येता’ या शब्दांचे बळ व मर्यादा दोन्ही जाणून घ्याव्यात. पुराव्याच्या कायद्यात जुन्या काळापासून अशी तरतूद आहे, की पुरावा म्हणून वापरू नये अशा स्पष्ट अटीवर केलेली कबुली दिवाणी वादात ग्राह्य धरली जात नाही. 1872 च्या कायद्यात ती 23 व्या कलमात होती. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती राहिली आहे. परंतु हे शब्द मंत्र नव्हेत. पत्राच्या माथ्यावर ते लिहून खाली ‘बांधणी आमचीच कच्ची होती’ असे लिहिणाऱ्याने त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये. विशेषतः कुरिअरवाल्याशी किंवा घाऊक व्यापाऱ्याशी होणाऱ्या वेगळ्या वादात ते उपयोगी पडतीलच असे नाही. शिवाय त्यांच्यामुळे ग्राहकाचे कायदेशीर हक्क तसूभरही कमी होत नाहीत. खरे संरक्षण या शब्दांपेक्षा न लिहिलेल्या कबुलीत आहे.

धुऊ नये व इस्त्री करू नये ही विनंती पुष्कळ जण विसरतात. घाबरलेली गृहिणी डाग काढण्यासाठी मीठ, लिंबू, साबण असे घरगुती उपाय करून पाहते. त्यात डाग पसरतो, इस्त्रीच्या उष्णतेने अधिक पक्का बसतो, आणि तो कोठून आला हे सांगणारी घडीघडीची खूण नाहीशी होते. वेष्टनाचेही तसेच. ओल कोणत्या बाजूने शिरली, हे साडीपेक्षा कागदावर अधिक स्पष्ट दिसते.

शेवटच्या परिच्छेदातील क्रम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही पेढ्या आधी ‘काही तक्रार नाही’ असे लिहून मागतात व मग माल बदलतात. हे न्याय्य नव्हे आणि शहाणपणाचेही नव्हे. दुसरी साडी पाहण्यापूर्वी घेतलेली सही दबावाखाली घेतली असे म्हणता येते. साडी हाती पडल्यावर, ती पाहून, स्वखुशीने लिहिलेल्या दोन ओळींचे वजन कितीतरी अधिक असते. ग्राहकाने त्या न लिहिल्या, तरी पोच, छायाचित्रे व परत आलेली साडी आपल्यापाशी असतेच.

पत्र रवाना झाल्यावर पेढीचे दुसरे काम सुरू होते, आणि ते त्याच आठवड्यात करावे. कुरिअरला लेखी नोटीस द्यावी. 2007 च्या रस्ता वाहतूक कायद्यात कुरिअर संस्थांचाही समावेश आहे, आणि माल नोंदविल्यापासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली नसेल, तर पुढे दावा चालत नाही. उदाहरणातील पुडक्याची ही मुदत 4 फेब्रुवारीस संपते. पावतीवर याहून कमी मुदत छापलेली असते, तेव्हा थांबूच नये. या कायद्याखालील नियमांनी वाहतूकदाराचे दायित्व वाहतुकीच्या आकाराच्या दहापटीपुरते मर्यादित केले आहे. आकार 120 रुपये, म्हणजे 1,200 रुपयांच्या वर मिळावयाचे नाही, आणि साडी तर 3,200 रुपयांची. उरलेले 2,000 रुपये पेढीच्या किंवा घाऊक व्यापाऱ्याच्या माथी पडतात. अधिक जोखमीचा दर भरून माल नोंदविला असता, तर ही मर्यादा आड आली नसती. किंमती साडी पाठविताना हा थोडा अधिक खर्च बिलात धरणे आम्हांस योग्य वाटते.

घाऊक व्यापाऱ्यास ओल्या कपड्याच्या चाचणीचे छायाचित्र व त्याच खेपेतील दुसऱ्या साडीवरील तशाच चाचणीचे छायाचित्र पाठवावे. दुसऱ्या साडीचाही रंग उतरला, तर रंगाचा दोष त्या एका साडीचा नसून खेपेचा आहे, हे उघड होते. आणि मग बदली म्हणून त्याच खेपेतील साडी पेडण्यास पाठवू नये, हेही कळते. ही चाचणी उत्तर पाठविण्यापूर्वीच केलेली बरी. हिशेबात मूळ बिलावर क्रेडिट नोट काढून बदलीच्या साडीचे नवे बिल करावे. जुन्याच बिलावर साडी बदलून दिली, तर पुढे कोणती साडी कोणाकडे होती हे वहीवरून सांगता येत नाही.

आणि हे सारे ज्यावर उभे आहे, ती गोष्ट रवानगीच्या दिवशीच करावयाची असते. साडी घडी करण्यापूर्वी उलगडून तिचे व पदराच्या आतल्या टोकाचे छायाचित्र घ्यावे. हातमागाच्या प्रत्येक साडीच्या विणीत तिची अशी एखादी खूण असते, आणि परत आलेली साडी तीच आहे की नाही हे तिच्यावरून ओळखता येते. लाल पदर व अंग यांच्यामध्ये कोरा कागद ठेवावा, साडी मेणकापडात किंवा प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालावी, आणि बांधलेल्या पुडक्याचे आणखी एक छायाचित्र कुरिअरच्या पावतीसह ठेवावे. पाच मिनिटांचे हे काम ज्या पेढीने केले असेल, तिला तक्रार आल्यावर कठोर शब्द वापरण्याची गरज उरत नाही. बांधणीविषयी प्रश्न निघाला, तर ती छायाचित्र पुढे ठेवते, आणि ग्राहकाला मोकळ्या मनाने साडी बदलून देते. ज्या पेढीपाशी अशी नोंद नसते, तिला मात्र प्रत्येक उत्तरात नाकारण्याचा किंवा सारेच कबूल करण्याचा मोह होतो. आमच्या सभासदांच्या उत्तरांत हे दोन्ही मोह दिसू नयेत, आणि पेडण्याच्या भगिनीस तिची साडी चवथीपूर्वी मिळावी, एवढीच आमची इच्छा आहे.